लॉजबद्दलच्या तक्रारीला उत्तर

लाखनीला हायवेलगत आमचं छोटं लॉज आहे. एका सकाळी नवऱ्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. आमच्याकडे राहून गेलेल्या एका बाईंनी नेटवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं: ट्रकच्या आवाजाने झोप लागली नाही, नाश्ताही फार उशिरा आला. नाश्त्याचं मला जास्त लागलं, कारण तो मीच करते.

"हायवेवर ट्रक नाही तर काय बैलबंड्या चालतीन? तसंच लिहून दे," नवरा म्हणाला.

"पुढं येणारे लोकं बी वाचतेत ना ते," मी म्हटलं.

आधी मी त्या बाई राहिल्या होत्या त्या खोलीत जाऊन बसले. खिडकी लावूनही हॉर्न कानात घुसत होते. मग लिहिलं, 'आपल्याला त्रास झाला, त्याबद्दल माफ करा. रस्त्याकडच्या खोल्यांत आवाज येतो, हे खरं आहे. यापुढे खोली देतानाच तसं सांगू आणि मागची रिकामी असेल तर ती देऊ. नाश्त्याची वेळ आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवू.'

नवऱ्याने ते दोनदा वाचलं. "टाक नेटवर," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात एका गृहस्थांचा फोन आला. "तुमचं उत्तर वाचलं," ते म्हणाले, "मागची खोली मिळेल का?"