आखाजीच्या पत्रांचे चार गठ्ठे

माझं लग्न आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर लागलं, म्हणून माझी पहिली आखाजी यायला अख्खं वर्ष गेलं. आमच्या खानदेशात सासुरवाशिणीला आखाजी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दिवाळी एक वेळ हुकली तर चालेल, आखाजीला माहेर पाहिजेच. आणि आपण उठून जायचं नसतं. माहेरचं कोणीतरी न्यायला यावं लागतं.

मला न्यायला कोण येणार होतं? लग्नात माझ्या काकांना मानाचं टोपी-उपरणं द्यायचं माझ्या सासरकडून राहून गेलं. मुद्दाम नाही हो, गडबडीत! पण माझे वडील, नाना, असे तापट की मांडवातच त्यांनी तोंड फिरवलं. राखीला भाऊ आला नाही. दिवाळीला पत्र नाही. माझे सासरे आबा म्हणाले, "त्यांचं बोलावणं येऊ दे, मग पाठवू." इकडे धुळ्यात आबा अडून, तिकडे असोद्यात नाना अडून, आणि मधे मी.

आबांचं कापडाचं दुकान होतं. माझं अक्षर बरं, म्हणून गिऱ्हाइकांना सणाची पोस्टकार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं. तोवर प्रेसमधून एकच मजकूर छापून यायचा, 'नवीन माल आला आहे, सहकुटुंब भेट द्यावी,' आणि तो सरसकट सगळ्यांना जायचा. दिवाळीला त्यात शालूंचं कौतुक छापलं होतं. एक मास्तर कार्ड घेऊनच दुकानात आले. त्यांनी आमच्याकडून फक्त पोरांच्या शाळेच्या खाकी चड्ड्या नेल्या होत्या. म्हणाले, "आबा, या वयात माझं पुन्हा लग्न लावता का काय?" दुकानभर हसू. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हाई काय शे माय? बठ्ठासले एकच कागद?"

मी म्हटलं, सगळ्यांना एकच कशाला? बिलबुकाच्या कार्बन प्रतीत सगळं आहेच की. कोणी काय नेलं, कधी नेलं, कुठल्या गावाला नेलं.

पौषात दुकान थंड असतं. मी माळ्यावरची बिलबुकं काढली आणि प्रत्येक घराचं एक कार्ड केलं: नाव, गाव, पोस्ट, तालुका, खाली घेतलेलं कापड आणि कारण. एकच माणूस तीन बिलांवर तीन तऱ्हेनं लिहिलेला असायचा, तो गावावरून आणि मालावरून ओळखून एका कार्डावर आणायचा. मग शर्टांच्या रिकाम्या खोक्यांत चार गठ्ठे लावले. वर्षभरात लेकीच्या लग्नाचा बस्ता नेलेले. मुलाच्या लग्नाचा नेलेले. शाळेचे कपडे नेणारे. आणि उरलेले चालू गिऱ्हाईक, धोतर-लुगडंवाले. दुखवट्याचे कपडे नेलेली घरं त्या सणापुरती बाजूला काढून ठेवली, त्यांना काही पाठवायचं नाही. जो दोन गठ्ठ्यांत बसेल तो शेवटच्या खरेदीप्रमाणे लावायचा. आबांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "डोकं आहे पोरीला." मला काय आनंद झाला होता!

आखाजीसाठी मजकूरही मीच केले. शाळेच्या गठ्ठ्याला आखाजीला काही धाडायचं नव्हतं, त्यांचं जूनमध्ये. मुलाकडच्यांना, 'सूनबाई माहेरी जाताना नवी साडी.' चालू गिऱ्हाइकांना, 'आखाजीनिमित्त धोतर, टोपी, उपरणं, ताजा माल.' आणि लेकवाल्यांना, 'लेक पहिल्या आखाजीला घरी येईल, तिच्यासाठी साडी काढून ठेवली आहे.'

पत्ते घालता घालता हातात नानांचं कार्ड आलं. माझ्या लग्नाचा बस्ता त्यांनी आमच्याच दुकानातून नेला होता, रीतसर बिल करून. सोयरीक सोयरिकीच्या जागी, व्यवहार व्यवहाराच्या, असं म्हणून. म्हणजे नियमानं ते लेकवाल्यांच्या गठ्ठ्यात.

मी कार्ड धरून बसले. वाटलं, लेकवाल्यांचं पत्र माझ्या अक्षरात त्यांच्याकडे गेलं तर ते काय समजतील? पोरगी दुकानाच्या नावाखाली हातापाया पडते. आणि आबा काय समजतील? मग रागच आला. दिवाळीला आठवण झाली नाही ना? राखीला झाली नाही ना? मग राहू दे! मी नानांचं कार्ड उचललं आणि चालू गिऱ्हाइकांत टाकलं. जीव तुटत होता, पण हात थांबला नाही. त्याच दिवशी सगळी पत्रं पोस्टात गेली.

आखाजीला मी दारात उभी राहिले नाही. दुकानाच्या मागच्या खिडकीतून एस. टी. स्टँडचा रस्ता दिसतो, तिथे मात्र चार वेळा गेले. शेजारच्या दोघी न्यायला आलेल्या भावांबरोबर गेल्या. माझ्याकडे कोणी आलं नाही. सासूबाईंनी पुरणपोळी वाढली, ती मी पानातच ठेवली.

आठ दिवसांनी आमच्या असोद्याच्या गल्लीतली मावशी दुकानात आली. तिच्या लेकीचंही लग्न त्याच वर्षातलं, बस्ता आमच्याचकडचा. ती आमचं पोस्टकार्ड हातात घेऊनच आली होती. मला पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला.

"अगं, पोस्टमननं दोन्ही पत्रं पारावर एकदमच वाचून दाखवली. माझ्या घराला लेक येणार म्हणून, अन् तुझ्या नानांना टोपी-उपरणं घ्या म्हणून! तुझे काका तिथंच बसलेले. नाना तर न्यायला निघायच्या तयारीत होते गं, पिशवी भरलेली होती. पत्र ऐकलं अन् पिशवी ठेवून दिली. म्हणाले, दुकानाला ठाऊक आहे कोणाला लेक आहे अन् कोणाला नाही."

टोपी-उपरणं! लग्नात राहून गेलेलं नेमकं तेच! देवा रे! लिहिताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी गठ्ठा बघितला, गठ्ठ्याचा मजकूर बघितलाच नाही.

मी गल्ल्यापाशी आबांच्या समोर जाऊन सगळं सांगून टाकलं. रागात कार्ड हलवलं, कोणाला विचारलं नाही, सगळं. आबांनी गल्ला बंद केला. मग म्हणाले, "तुझ्या काकांचं टोपी-उपरणं मीच बांधून देतो. आजच निघ."

"न्यायला कोणी आलं नाही, आबा."

"नाही तर नाही. जा म्हणतो ना!"

धुळ्याहून जळगाव, जळगावहून असोद्याची गाडी. मांडीवर ते पुडकं. बोलावल्याशिवाय माहेरी निघालेली मी गल्लीतली पहिलीच असेन. सबंध रस्ता एकच धास्ती, नाना दार लावून घेतील.

दार उघडंच होतं. नाना ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले नाहीत. मी म्हटलं, "नाना, ते पत्र दुकानानं नाही, मी पाठवलं. चुकीच्या गठ्ठ्यात मी टाकलं." आखाजी होऊन गेली, एवढंच ते म्हणाले.

काकांचं पुडकं त्यांच्याजवळ ठेवून मी आत गेले. परसात निंबाला झोका बांधलेला होता, आखाजीला माहेरवाशिणीसाठी बांधतात तो, नव्या दोराचा. आखाजी सरली की गावातले झोके दुसऱ्या दिवशीच सोडतात. आई म्हणाली, "हे रोज सोडायला जातात अन् नुसता हात लावून परत येतात."

मी झोक्याच्या पाटावर बसले आणि जी रडले! पुढे मी पुष्कळ आखाज्या माहेरी केल्या, पण पहिली ती पहिलीच, ती मीच माझ्या हातानं घालवली. नाना मागे येऊन उभे राहिले. दोराला हात लावून म्हणाले, "घट्ट धर."