शकुनच्या कपाटातल्या पैठण्या

गरियाहाट बाजारातल्या सासरच्या दुकानात शकुनच्या वाट्याला एकच कपाट होतं. नवरा गेल्यावर धाकट्या दिरानं, शरच्चंद्रनं, ते तिला उपकार केल्यासारखं दिलं. बाकी दुकानभर सुती बंगाली साड्या, आणि कपाटात येवल्याहून मागवलेल्या तिच्या पैठण्या. "वहिनी, बंगाली नववर्षापर्यंत खपल्या तर ठीक. नाहीतर कपाट मला लागेल," असं त्यानं सरळ सांगितलं होतं. म्हणजे उरलेला जन्म जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात. शकुन मराठी घरातली, पण जन्मली कलकत्त्यात, वाढली कलकत्त्यात, आणि स्वयंपाकघराचं नाव काढलं की तिचं डोकं फिरायचं.

तिनं चारशे किंमत लावली. रास्त, हिशेबी. बायका यायच्या, पदरावरच्या मोरांवर बोटं फिरवायच्या, "की शुंदोर!" म्हणायच्या आणि शेजारच्या दुकानात जाऊन हजाराची बनारसी घ्यायच्या. एके दिवशी अलीपूरच्या मिसेस लाहिरी, एका मोठ्या कंपनीच्या साहेबाची बायको, खरं काय ते बोलून गेल्या. "साडी छानच आहे हो. पण चारशेची? क्लबात कुणी विचारलं तर सांगू काय?"

शकुनला असा संताप आला! काय ही माणसं! रेशीम दिसत नाही, कारागिराचे दोन-दोन महिने दिसत नाहीत, दिसते ती किमतीची चिठ्ठी! बरं तर, चिठ्ठीच हवी ना, घ्या चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी त्याच साड्यांवर बाराशे.

"वहिनी, ही लूट आहे!" शरच्चंद्र किंचाळला.

"लूट कसली? मी खोटं काही सांगत नाही. जरीकाम तेच, रेशीम तेच. परवडत नसेल त्यानं घेऊ नये. भाऊजी, ज्यांना परवडतं त्यांना नेमकं तेच हवंय, की दुसऱ्याला परवडू नये."

आणि झालं तसंच. मिसेस लाहिरींनी पहिली घेतली, घेताना बरोबरच्या दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात किंमत विचारली. पुढच्या आठवड्यात त्या दोघी आल्या. चारशेला धूळ खाणारी पैठणी बाराशेला नंबर लावून जाऊ लागली. लग्नसराईसाठी मागण्या येऊन पडल्या. शकुन मनातल्या मनात हसायची, पण फणकाऱ्यानं.

मग आला चैत्र. बंगाली वर्षाचा शेवटचा महिना, सगळं गरियाहाट फूटपाथपर्यंत सेलमध्ये बुडालेलं. शकुन बराकपूरला भाचीच्या बारशाला गेली, आणि शरच्चंद्रनं तिच्या पैठण्या सुतीसारख्याच दोरीवर टांगल्या, वर पाटी: निम्मी किंमत! त्याला वाटलं, बाराशेला इतक्या जातात तर सहाशेला झुंबड उडेल.

झुंबड कसली! बाराशे ज्यांना परवडत नव्हते अशा एकदोन जणींनी घेतल्या, त्यातली एक लाहिरीसाहेबांच्याच हेडक्लार्कची बायको. ती नेसून कंपनीच्या समारंभाला गेली आणि मिसेस लाहिरी तणतणत दुकानात आल्या. "आता ही मी कुठं नेसू? माझी नवी मागणी रद्द!" पाठोपाठ बाकीच्यांच्याही मागण्या गेल्या.

"बघितलंत? हावरटपणा नडला," शरच्चंद्र म्हणाला. "कपाट रिकामं करा."

"हावरटपणा माझा? भाऊजी, साडीबरोबर मी जे विकत होते ते तुम्ही दोरीवर टांगलंत! कपाट देणार नाही. नववर्षाचा दिवस अजून यायचाय."

तिनं पाटी स्वतः उतरवून फाडली, साड्या आत घेतल्या आणि दारावर नवी पाटी लावली: पैठणीचा सेल पुन्हा कधीही होणार नाही. किंमत केली दोन हजार. शरच्चंद्रनं कपाळाला हात लावला.

बंगाली नववर्षाच्या सकाळी नेहमीच्या गिऱ्हाइकांना पेढे द्यायला बोलावलेलं. शकुन त्या दिवशी आपल्या लग्नातली पैठणी नेसून आली. गर्द जांभळी, पदर थोडा विरलेला. विधवेनं लग्नातली पैठणी! जाऊबाई मागल्या दारानं निघून गेल्या. शरच्चंद्र म्हणाला, "वहिनी, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की! आजवर लोकांसाठीच पांढरं नेसले."

मिसेस लाहिरी आल्या, आधी दारावरची पाटी वाचली, मग दोन हजारांची चिठ्ठी पाहिली, आणि मग नजर शकुनच्या पदरावर अडकली.

"ही केवढ्याची?"

"ही विकायची नाही."

"तीन हजार देते."

"नाही."

"चार!" आता दुकानातल्या सगळ्या बायका वळून बघत होत्या, आणि हे मिसेस लाहिरींना कळत होतं.

शरच्चंद्र डोळ्यांनी विनवत होता. शकुननं पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. "बाई, हिची किंमत सांगितली की हीही तुमच्यासारखी चिठ्ठीवरूनच ओळखली जाईल. कपाटातली दाखवू? दोन हजार, एक पैसा कमी नाही."

मिसेस लाहिरी क्षणभर लालबुंद झाल्या. मग मागे उभ्या बायकांकडे एकदा बघून मोठ्यानं म्हणाल्या, "दोन द्या. दोन हजारवाल्याच."

शकुननं कपाट उघडलं. किल्ली पुन्हा कमरेला खोचताना ती दिराला म्हणाली, "भाऊजी, पेढे तुम्ही वाटा. मला गिऱ्हाईक आहे."