शुक्रवार धरून दोन दिवस

निजामाच्या अमलात आमच्या गावच्या शाळेला शुक्रवारी सुट्टी असे. माझे दुकान मात्र सातही दिवस उघडे असायचे. बुधवारी दुसरीतली माझी मुलगी शाळेतून आली ती ताप घेऊनच. वैद्यांनी दोन दिवस विश्रांती सांगितली. गुरुवारी सकाळी मी तिच्या मास्तरांना चिठ्ठी लिहिली : "मुलीस ताप आहे. आज व उद्या, असे दोन दिवस विश्रांतीसाठी रजा द्यावी." शेजारच्या मुलीच्या हाती ती पाठवली.

शनिवारी ताप उतरला होता, पण पोरीला धड उभे राहवत नव्हते.

"आजच्या दिवस राहू द्या की," बायको म्हणाली.

"दोनच दिवस लिहून दिलेत. तिसरा कुठून आणू? गैरहजेरी लागेल."

मी पोरीला कडेवर घेऊन शाळेत गेलो. मास्तर हजेरी घेत होते. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि हजेरीच्या वहीतून माझी चिठ्ठी काढली.

"अप्पा, काल जुम्मा होता. शाळा बंद असताना रजा कशाची?"

"पण दोन दिवस तर झाले."

"तुमच्या दुकानात झाले असतील. माझ्याकडं एकच मांडलाय. दुसरा अजून शिल्लक हाय, घेऊन जा पोरीला."

त्यांनी टाक पुढे केला. मी 'उद्या' खोडून 'शनिवारी' लिहिले आणि शेजारी सही केली.

घरी बायकोने अंथरूण घातले. "सापडला का तिसरा दिवस?"

"दुसराच होता," मी म्हणालो.