पांढरा पडलेला शर्ट

घागरीचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या आमच्या टोळीत सर्वांत जास्त पाणी तोच प्यायचा, म्हणून हे नाव. लेकीला धावायचे बूट हवे होते, म्हणून त्या उन्हाळ्यात त्याला एकही खाडा नको होता.

एका दुपारी त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. फावडं हातातून सुटलं, तरी तो पाणीच मागत होता.

टोळीतच राबणाऱ्या बायकोने त्याला सावलीत बसवलं. “अहो, शर्ट बघा पांढरा पडलाय! मीठ सगळं घामातून गेलं. नुसतं पाणी ओतून काय होणार?”

तिने चिमूटभर मीठ आणि साखर घातलेलं पाणी घोटाघोटाने पाजलं. हळूहळू गोळे सुटले.

घागर दुसऱ्या दिवशी तसलंच पाणी घेऊन हजर. खाडा झाला नाही, आणि लेकीचे बूट आले.