शंभर अंशांचं दूध

युद्धाच्या काळात मी जळगावला मेहरूणमध्ये राहत होते, मुलींच्या शाळेत शिकवत होते. शेजारच्या चाचींचा मुलगा पलटणीबरोबर कारकून म्हणून बैरुतला गेला आणि तिथेच लग्न करून त्याने बायकोला घरी पाठवलं. सून अरबी नि फ्रेंच वाचायची. इंग्रजी तिला येत नव्हतं; हिंदुस्तानी सासूकडून थोडं बोलायला शिकली होती, वाचता येत नव्हतं.

बाळंतपणानंतर तिला विषमज्वर झाला आणि दूध आटलं. मुंबईहून दुधाच्या भुकटीचे डबे आले, पण बोटीतल्या पाण्याने त्यांच्यावरचे सूचनांचे कागद निघून गेले होते. धुळ्याच्या डॉक्टरांकडे तसलाच एक डबा होता. त्यांनी त्याच्यावरच्या सूचनांचा फोटो काढून पाठवला.

मी इंग्रजी वाचून हिंदुस्तानीत सांगत होते, मशिदीतले मौलवीसाहेब सुनेसाठी ते अरबीत लिहीत होते. पाणी उकळा, शंभर अंशांपर्यंत निवू द्या. पाण्याच्या प्रत्येक औंसाला सपाट भरलेला एक चमचा भुकटी. लगेच पाजा.

"औंसाला उकिया हा अरबी शब्द लिहू नये," मौलवीसाहेब म्हणाले. "हिच्या मुलखात उकिया म्हणजे जवळजवळ पावशेर. औंसच लिहितो, बाटलीवरच्या रेघा बघ म्हणून सांगतो."

केवढी मोठी चूक टळली, असं वाटून मी निर्धास्त घरी गेले.

दुसऱ्या दिवशी चाचींची हाक आली, "बाई, जल्दी आओ!"

सून चुलीपाशी उभी होती. फडक्यात धरलेल्या बाटलीतून वाफा निघत होत्या. चाचींच्या मांडीवर बाळ भुकेने रडत होतं आणि सूनही रडत होती.

"लिखा है, सौ. लिखा है, फौरन," ती म्हणाली. "मैं कैसे दूँ?"

मी बाटली हिसकावली. फडक्यातूनही बोटं पोळली. शेजारी तिचा तापमापक पडला होता, बैरुतहून आणलेला, बापाच्या औषधांच्या दुकानातला. त्याच्यावर उकळत्या पाण्याची खूण शंभरावर होती. माझ्या डोक्यात शंभर म्हणजे साधा ताप! फोटो उजेडात तिरका धरला तेव्हा दिसलं, शंभराच्या पुढे डब्याची चकाकी आली होती आणि तिच्याखाली फॅरनहाइटचा एफ जेमतेम उमटला होता.

तिने त्या कागदावर विश्वास ठेवून बाटली बाळाच्या तोंडाला लावली असती तर?

मौलवीसाहेब धावत आले. मी बत्तीस वजा केले, पाचाने गुणलं, नवाने भागलं, आणि पुन्हा करून पाहिलं. त्यांनी 'शंभर अंश फॅरनहाइट' लिहून शेजारी तिच्या मापातले 'सदतीस पूर्णांक आठ दशांश सेंटिग्रेड' लिहिले, मोठ्याने वाचून दाखवले. सुनेने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

मग नवं पाणी उकळलं. पारा उतरेपर्यंत आम्ही सगळे तापमापकावर वाकून बघत होतो. चार औंस पाणी, चार चमचे भुकटी. तिने थेंब मनगटावर टाकला, बाळाला घेतलं. ते घटाघटा प्यायलं.

चाचींनी मला चहा दिला. मी कप खाली ठेवला आणि कागदावरचा एकेक आकडा फोटोशी पुन्हा ताडून पाहिला.