जाऊबाईची पंजिरी आणि माझं बंद नाक

लग्न होऊन मी सौसरला आले तेव्हा माझं वय एकोणीस होतं आणि अक्कल अकराची. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. स्वयंपाकघरात माझ्याकडे कामं दोन: भांडी घासणं आणि हो म्हणणं. चुलीपुढचा पाट मोठ्या जाऊबाईचा. मी भाजीला हात लावला की ती पळी माझ्या हातातून अशी काढून घ्यायची, जशी लेकराच्या हातातली कात्री काढून घ्यावी.

आमचं दोघींचं कधी पटलं नाही. यात गैरसमज वगैरे काही नव्हता. मला ती आवडत नव्हती, तिला मी आवडत नव्हते, आणि दोघींचा अंदाज बरोबर होता.

त्या वर्षी ऐन थंडीत ती बाळंत झाली. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. तिचं माहेर इटारसीचं, रेल्वेच्या क्वार्टरातलं. माणसं मराठीच, पण शेजार सगळा पंजाबी आणि उत्तरेकडचा, त्यामुळे बाळंतिणीला त्यांच्याकडे पंजिरी, म्हणजे तुपात भाजलेल्या कणकेचा, सुकामेवा घातलेला गोड चुरा. पहिल्या खेपेला तिच्या आईने डबा भरून दिला होता. या वेळी आईचे गुडघे धरले होते, ती येऊ शकत नव्हती. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, डिंकाच्या लाडवांचं काढलं, तशी ही बाजेवरून म्हणाली, "लाडू मला गळ्याखाली उतरत नाहीत. पंजिरी पाहिजे."

"मले नाही येत बाप्पा तुही पंजिरी," आत्याबाई म्हणाल्या. "कोन करीन?"

"मी करते," मी म्हटलं.

पंजिरी मी जन्मात एकदा पाहिली होती. तीही खाली सांडलेली.

पण माझा हिशेब वेगळा होता. दिवाळीपासून माहेरी जायला मिळालं नव्हतं. पांढुर्णा काही विलायतेत नाही, मोटरने सकाळी निघालं तर जेवायला आईकडे. पण आत्याबाई म्हणत, "घरात बाळंतीण हाय, तू काहून जातं?" म्हणून मी लगेच अट घातली. पंजिरी जमली तर संक्रांतीला आठ दिवस माहेरी.

आत्याबाईंनी विचार केला. "तिनं बरी म्हटली तं जाय. मले त्यातलं काही समजत नाही."

म्हणजे माझी संक्रांत जाऊबाईच्या जिभेवर. त्यातून ती म्हणाली, "रंग बघून काही होत नसतं, छोटी. आटा भुनायला नाक लागतं. मी इथूनच सांगते, खुशबू आली की."

बाळंतिणीची खोली आणि चूल यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती. बाळंतिणीला चुलीपाशी यायची बंदी, पण नाकाला कोण बंदी करणार? आणि इथेच माझी गोची होती. मला चार दिवसांपासून सर्दी होती. दोन्ही नाकपुड्या ठार बंद. सर्दी झाली सांगितलं असतं तर आत्याबाईंनी मला बाळाच्या आणि अन्नाच्या वाऱ्यालाही उभं केलं नसतं. तेव्हा मी सर्दी लपवली. नाक पदराने पुसायचं आणि विचारलं तर म्हणायचं, माहेरची आठवण येते. आत्याबाईंना कौतुक वाटायचं.

दुपारी कढई चढवली. पितळेची, जाड बुडाची. रामाकोन्याहून आलेलं गाईचं तूप, पिवळंधमक. दोन शेर जाडसर दळलेली कणीक, बदाम, खोबरं, चारोळी, मखाणे, धावड्याचा डिंक, सुंठ, पिठीसाखर. सगळं परातीत मांडून मी अशी बसले की कोणी पाहिलं तर वाटावं, हिच्या सात पिढ्या हलवाई.

"डिंक थोडा थोडा टाक!" भिंतीपलीकडून आवाज आला. "मोठे खडे फोडून घे!"

मी ऐकलंच नाही असं करून डिंक एकदम ओतला, खड्यांसकट. तूप थंड पडलं. लहान खडे लाहीसारखे फुलले, मोठे वरून फुलले आणि आत काचेसारखे राहिले. मी म्हटलं, ठेचल्यावर कोणाला दिसतं? चारोळी तळताना पदर सावरण्यात लक्ष गेलं आणि ती तळाशी लागली. तूप तपकिरी झालं. मला ते फार सुंदर दिसलं.

त्याच तुपात कणीक ओतली. आता पाहा, हा भाग मी नंतर शंभरदा केला आहे म्हणून सांगते. चांगल्या तुपात कणीक पडली की आधी तिचा घट्ट गोळा होतो, कलथा हलत नाही, हात भरून येतो. ओल्या पिठाचा वास येत राहतो. मंद आचेवर तिला न सोडता हलवत राहायचं. मग ती सैल होते, फेसाळते, कडेने तूप सोडते, आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास उठतो. बदामाच्या सालीपेक्षा जरा फिका रंग असतानाच उतरवायची, कारण जाड कढई खाली ठेवल्यावरही भाजतच राहते. पण माझी कणीक पडल्या पडल्या बदामी दिसायला लागली. का दिसणार नाही? मुळात तूप पिवळं, त्यात जळक्या चारोळीने तपकिरी झालेलं. रंग तुपाचा होता, भाजण्याचा नव्हता. मला काय कळतंय! मी म्हटलं, आपला हातच असा गुणी.

पाचेक मिनिटांत मी कढईला फडकं लावलं, तोच भिंतीपलीकडून:

"कच्चा आहे! अजून कच्च्या आट्याचा वास येऊन राहिला!"

"झाला ना जी! रंग पाहा किती मस्त आला!"

"मी रंग कुठून बघू? मला वास येतो. उतरवू नको!"

"काय म्हणते थे?" अंगणातून आत्याबाईंनी विचारलं.

आता त्या आत आल्या असत्या. तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं त्याला मी तेव्हा हुशारी म्हणत होते. बाळंतिणीच्या खोलीत रोज संध्याकाळी धुरी द्यायची पद्धत असते, शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून. मी चुलीतले निखारे मातीच्या खापरात घेतले, त्यावर दोन मुठी ओवा टाकला, शेपा टाकल्या, आणि वर लसणाची टरफलं. खापर उचलून खोलीत गेले आणि तिच्या बाजेखाली, थेट उशाशी ठेवलं.

"हे काय?" ती म्हणाली.

"धुरी. बाळाले सर्दी नको व्हायले."

"आत्ता? दुपारी?"

"थंडी वाढून राहिली ना जी," मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.

घरभर ओव्याचा धूर झाला. जाऊबाई खोकली, आणि मग तिच्या नाकाचं राज्य संपलं. आत्याबाई आत येऊन म्हणाल्या, "काय गुणाची हाय लहानी. न सांगता धुरी देते." मी पदराने नाक पुसलं.

आता घरात एकही नाक शिल्लक नव्हतं. मी कढई उतरवली, आणि वासाचा कोणी संशय घ्यायच्या आत गरम गरम कणकेत साखर ओतून मोकळी झाले. पंजिरी कच्ची राहिली तर पुन्हा चुलीवर ठेवता येते, पण साखर पडली की नाही. साखर वितळते, गोळे होतात आणि मग जळते. म्हणजे परतीचा रस्ता मी स्वतःच्या हाताने बंद केला, आणि वर कलथ्याने नीट दाबूनही घेतला.

संध्याकाळी वाटी घेऊन आत्याबाई आणि मी तिच्यापुढे उभ्या राहिलो. बाळ झोपलेलं होतं. जाऊबाईने चमचा तोंडात घातला. कच्ची कणीक टाळूला चिकटते, ती लपत नाही. तिचा जबडा थांबला. कट्कन आवाज आला, डिंकाचा काचखडा. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पांढुर्ण्याच्या मोटरीत खिडकीजवळ बसल्यासारखी उभी होते.

"कशी झाली वं?" आत्याबाईंनी विचारलं.

"बहुत अच्छी," ती म्हणाली. "माझ्या आईला पण अशी जमली नाही."

मला वाटलं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. एवढं वर गेल्यावर माणसाला खालचं दिसत नाही.

"आत्याबाई," ती पुढे म्हणाली, अगदी गोड, "माझं एक म्हणणं आहे. सव्वा महिना मी हिच्याच हातची खाणार. दर चार दिवसांनी ताजी. आणि आजची ही मी नाही खात. बिचारी दिवसभर चुलीपुढे बसली. ही सगळी तिने खावी. रोज एक वाटी, माझ्यासमोर बसून."

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन सुना अशा एकमेकींना जपतात, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. मग त्यांना संक्रांतीचं आठवलं. त्या तशा न्यायी होत्या.

"पन म्या तिले जाय म्हटलं होतं ना." त्या माझ्याकडे वळल्या. "लहाने, तुले जमत नसन एवढं तं सांग. इटारसीहून हिच्या भावजयीले बोलावू, थे करीन. तू जाय मंग पांढुर्ण्याले."

एकच वाक्य बोलायचं होतं. मले नाही जमत. तेवढं बोलले असते तर मोटर माझी, आई माझी, तिळगूळ माझा. जाऊबाई उशीला टेकून बसली होती आणि तोंडातला डिंक जिभेने इकडून तिकडे फिरवत माझ्याकडे पाहत होती. तिला माहीत होतं मी काय आहे.

"जमते ना जी," मी म्हटलं. "न जमायले काय झालं."

त्या मूर्ख पोरीला आज भेटले तर एक ठेवून देईन.

दुसऱ्या दिवसापासून माझी सजा सुरू झाली. जाऊबाई बाजेवर, मी खाली, हातात वाटी. तो टाळूला चिकटणारा चिखल मी नऊ दिवस खाल्ला. पोट फुगलं, रात्रीतून ओवा चावावा लागला. "आवडते ना, छोटी?" ती विचारायची. "फार," मी म्हणायची. "धुरी पण छान होती हां," तिने एकदाच म्हटलं, बाळाची दुपटी घडी करता करता.

आणि पंजिरी आता तिच्या दारातच व्हायची. आत्याबाईंना सांगून तिने कोळशाची शेगडी उंबऱ्याबाहेर मांडून घेतली. मी हलवायचं, तिने नाक लावायचं. "हात थांबला तुझा." "विस्तव काढ थोडा." "ते काय ठेचतेस, डिंक आहे की दुश्मन?" माझं नाक हळूहळू उघडलं. खरं सांगायचं तर दोन घाणे मी मुद्दाम जरा जास्त भाजले. तिनेही ते खाल्ले, पण आत्याबाईंकडे चुगली केली नाही. दुश्मनीतही तिचा दर्जा होता.

संक्रांतीच्या दिवशी तिसरा की चौथा घाणा होता. बाहेर बायका वाणं घेऊन हिंडत होत्या आणि मी कलथा हलवत होते. कणीक सैल झाली, कडेला तूप सुटलं. जाऊबाई बोलायला तोंड उघडत होती. तिच्याआधी मी कढई खाली घेतली. रंग अजून फिका होता, पण वास आला होता, आणि या वेळी तो मला आला होता. तिने तोंड मिटलं. कढई खाली बसून आणखी एक छटा चढली आणि थांबली, जिथे थांबायला हवी तिथे. मी गार होईपर्यंत वाट पाहिली, मग साखर घातली.

तिने वाटी संपवली. बोटाने कडा निपटून घेतल्या. बराच वेळ काहीतरी शोधत असल्यासारखी बसली, सापडेना.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

पंजिरीत मीठ नसतंच.

"उद्या टाकते," मी म्हटलं.