बीप करून पुन्हा बंद

उरणच्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या मामांनी मला वाचवलं, हे आधी सांगतो. आठवीत शाळा सोडून मी परभणीहून इथल्या कंटेनर यार्डात गेटवर राखणीला लागलो होतो. माझ्या पाळीत वीज जाऊन आली आणि सकाळी एका कंटेनरचं सील तुटलेलं दिसलं. सुपरवायझर साहेबांनी माझं आधार कार्ड खिशात घातलं आणि म्हणाले, "पोलिसांनाच सांग आता."

माझी बाजू फक्त गेटच्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये होती, आणि तो बीप करून चालू व्हायचा, कंपनीचं चिन्ह दाखवायचा आणि पुन्हा बंद पडायचा.

तो बघायला आलेल्या मामांनी आतल्या हार्डडिस्कची वायर काढली, तसा तो नीट चालू राहिला.

"म्हणजे डिस्क गेली. फॉरमॅट मारा," साहेब घाईने म्हणाले.

"थांबा साहेब. डिस्कशिवाय चालतोय, म्हंजे फर्मवेअर, त्याचा आतला प्रोग्राम, ठीक हाय. डिस्क फिरायला लागली की करंट जास्त लागतो. तो मिळतोय का, ते बघू."

"ॲडॉप्टरचा दिवा लागलाय की."

"दिवा काय, माझ्या म्हातारीच्या देव्हाऱ्यातपण लागतो."

मामांनी डिस्क जोडून मीटर लावला. बारा व्होल्ट पाहता पाहता आठवर घसरले. त्यांनी पिशवीतला नवा ॲडॉप्टर लावला, आणि आदल्या दुपारचं चित्र आलं. माझी पाळी लागायच्या आधीच कंटेनर आत येत होता. सील तेव्हाच तुटलेलं होतं, आणि ट्रकला आत घेणारे साहेब स्वतः होते.

साहेबांनी झटकन खोलीचं दार लोटून घेतलं. मामांनी डिस्क काढून हातात धरली, दार उघडून मला पुढे घातलं आणि थेट मालकाच्या ऑफिसात नेलं.

मामा, हे तुमचं देणं मी कधीतरी नक्की फेडीन.